विधेयक मंजूर झाले, कायदा कधी झाला?

लोकपाल कायद्याचे पूर्ण नाव 'लोकपाल आणि लोकायुक्त अधिनियम, २०१३' असे आहे. सरकारी नोंदीत मात्र तो २०१४ चा अधिनियम क्रमांक १ आहे. मूळ विधेयक संसदेत आले २०११ मध्ये, आणि त्या कायद्याने नेमलेल्या पहिल्या लोकपालांनी शपथ घेतली २०१९ मध्ये. एकाच कायद्याशी ही चार वर्षे जोडलेली आहेत आणि चारही बरोबर आहेत. आपल्याकडे विधेयकाचा कायदा होताना जे टप्पे येतात, त्यांतले जवळजवळ सगळे या चार वर्षांच्या मधे सापडतात. वर्तमानपत्रात 'विधेयक मंजूर' असा मथळा वाचला की आपण विषय संपला असे धरतो. वास्तविक त्या मथळ्याच्या आधी बरेच घडून गेलेले असते आणि नंतरही बरेच घडायचे असते. म्हणून हा एकच कायदा हाती घेऊन त्याची वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू.

आधीच्या विधेयकांचे काय झाले?

लोकपालाची कल्पना २०११ ची नव्हे. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्येच केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमावेत अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून लोकायुक्त नेमलाही. असा अधिकारी प्रत्यक्ष नेमणारे आपले राज्य देशात पहिले. केंद्राचे पहिले विधेयक त्याहून आधीचे, १९६८ चे. ते १९६९ मध्ये लोकसभेत मंजूरही झाले. पुढे ते राज्यसभेत पडून असताना १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बाद झाले.

एका सभागृहाने मंजूर केलेले विधेयक बाद कसे होते, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या १०७ व्या अनुच्छेदात आहे. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, त्यामुळे तिथेच मांडलेले आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेले विधेयक निवडणुका आल्या-गेल्या तरी जिवंत राहते. पण जे विधेयक लोकसभेत आहे, किंवा लोकसभेने मंजूर करून राज्यसभेकडे पाठवले आहे, ते लोकसभेबरोबरच संपते. जी लोकसभा आता अस्तित्वातच नाही तिची संमती नव्या लोकसभेवर बांधील नाही, हे यामागचे तत्त्व. अशा वेळी नव्या सरकारला नवे विधेयक आणून पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

१९६८ नंतर १९७१, १९७७, १९८५, १९८९, १९९६, १९९८ आणि २००१ अशी लोकपालाची विधेयके येत गेली. १९८५ चे सरकारने स्वतःच मागे घेतले आणि बाकीची लोकसभेबरोबर बाद झाली. एकाही विधेयकाच्या विरोधात सभागृहाने कौल दिला नव्हता. आपल्या संसदेत नको असलेले विधेयक पाडावे लागत नाही, नुसते पडू दिले तरी पुरते. नागरिकांनी हे आधी लक्षात घ्यायला हवे, कारण उघड विरोध सगळ्यांना दिसतो आणि पडून राहिलेले विधेयक कुणाच्याच नजरेत येत नाही.

मसुदा कोण लिहिते?

साधारणपणे विधेयकाचा जन्म मंत्रालयात होतो. संबंधित खाते धोरण ठरवते, इतर खात्यांचे अभिप्राय घेते. विधि मंत्रालयाच्या विधिविधान विभागातले मसुदाकार ते धोरण खंडाखंडांत लिहून काढतात आणि मंत्रिमंडळाच्या मंजुरीनंतर ते संसदेत जाते. हे सगळे बंद दाराआड चालते. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवून सूचना मागवाव्यात असे धोरण केंद्राने २०१४ च्या सुरुवातीला आखले. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. ते पाळले नाही म्हणून विधेयक अडत नाही.

लोकपालाच्या बाबतीत हे दार काही काळ उघडले गेले. एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले, तेव्हा सरकारने अधिसूचना काढून मसुद्यासाठी संयुक्त समिती नेमली. त्यात पाच मंत्री होते आणि आंदोलनाच्या बाजूचे पाच जण. अध्यक्ष प्रणव मुखर्जी आणि सहअध्यक्ष शांतिभूषण. दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही आणि अखेर सरकारने आपलाच मसुदा मंत्रिमंडळापुढे नेला. समिती नेमणे सरकारच्या मर्जीचा भाग होता. सरकारी विधेयकात काय लिहायचे याचा शेवटचा अधिकार मंत्रिमंडळाकडेच राहतो, कारण सभागृहात त्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी मंत्र्याला घ्यावी लागते.

पुरःस्थापना आणि समिती

४ ऑगस्ट २०११ रोजी राज्यमंत्री व्ही. नारायणसामी यांनी लोकसभेत लोकपाल विधेयक मांडले. याला पुरःस्थापना म्हणतात, आणि हेच पहिले वाचन. वाचन असे म्हणत असले तरी विधेयक कुणी वाचून दाखवत नाही. मंत्री परवानगी मागतात, सभागृह देते, विधेयक सभागृहाच्या ताब्यात येते. या वेळी सहसा चर्चा होत नाही. संसदेला असा कायदा करण्याचा अधिकारच नाही, असा आक्षेप असेल तर मात्र तो इथेच सविस्तर घेता येतो.

छापील विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' नावाचे एक-दोन पानांचे टिपण असते. कायद्याची भाषा ज्यांना जड जाते त्यांनी तिथून सुरुवात करावी. सरकारला हा कायदा कशासाठी हवा आहे हे त्यात साध्या वाक्यांत सांगितलेले असते. त्याच्या पुढे आर्थिक ज्ञापन असते. खर्च किती येईल ते त्यात असते. विधेयकावरून सरकारला पुढे कोणकोणत्या बाबतीत नियम करण्याचा अधिकार मिळणार आहे, याचेही एक वेगळे ज्ञापन असते. बातम्यांत त्याचा उल्लेख येत नाही, पण कायद्याचा किती भाग संसद ठरवणार आणि किती भाग खाते ठरवणार, हे तिथे कळते.

पुरःस्थापनेनंतर काही दिवसांतच हे विधेयक कार्मिक, सार्वजनिक गाऱ्हाणी, विधि व न्याय या विषयांच्या स्थायी समितीकडे गेले. संसदेत अशा चोवीस समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा असे एकतीस सदस्य असतात. या समित्यांच्या बैठका बंद खोलीत होतात, तिथे कॅमेरे नसतात. त्यामुळे सदस्य पक्षाची ठरलेली भूमिका बाजूला ठेवून खंड बारकाईने तपासू शकतात. समिती अधिकाऱ्यांना बोलावते, तज्ज्ञांच्या साक्षी घेते, जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदने मागवते. एखाद्या सामान्य माणसाला कायदा होण्याआधी आपले म्हणणे संसदेच्या दप्तरात नोंदवता येईल, अशी ही जवळपास एकच जागा.

समिती बाहेर साक्षी घेत होती तेव्हा रस्त्यावर वातावरण तापले होते. अण्णांनी ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर पुन्हा उपोषण केले, आणि २७ ऑगस्टला संसदेने त्यांच्या प्रमुख मागण्यांबद्दल सभागृहाची भावना व्यक्त केली. त्याने विधेयकाचा एकही शब्द बदलला नाही, कारण शब्द बदलण्याची रीत वेगळी आहे. पण समितीसमोरचा प्रश्न बदलला. अभिषेक मनु सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने ९ डिसेंबरला अहवाल दिला. लोकपालाला घटनात्मक दर्जा द्यावा अशी तिची शिफारस होती. पंतप्रधानांना लोकपालाच्या कक्षेत आणावे की नाही, यावर समितीत एकमत झाले नाही.

समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. तरी सुचवलेले बदल फार असतील तर जुन्या विधेयकाला ठिगळे लावण्यापेक्षा ते मागे घेऊन नवे मांडणे सोयीचे पडते. इथे तेच झाले. ऑगस्टचे विधेयक मागे घेतले गेले आणि २२ डिसेंबर २०११ रोजी 'लोकपाल आणि लोकायुक्त विधेयक, २०११' हे नवे विधेयक आले. सोबत घटनात्मक दर्जासाठी स्वतंत्र घटनादुरुस्ती विधेयकही होते. ऑगस्टच्या मसुद्यात पदावर असलेले पंतप्रधान लोकपालाच्या कक्षेबाहेर होते. डिसेंबरच्या मसुद्यात परराष्ट्र संबंध, सुरक्षा, अणुऊर्जा, अवकाश असे काही विषय वगळून ते कक्षेत आले. चार महिन्यांत पडलेला हा फरक विधेयक समितीकडे गेल्याचे फळ होते.

विधेयक समितीकडे पाठवलेच पाहिजे असे बंधन मात्र नाही. पंधराव्या लोकसभेत, म्हणजे लोकपालाच्या काळात, दहापैकी साधारण सात विधेयके समितीकडे गेली. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सहापैकी एकावर आले.

एकच रात्र, दोन निकाल

२७ डिसेंबर २०११ रोजी लोकसभेत दुसरे वाचन सुरू झाले. त्याचे दोन भाग असतात. आधी विधेयकाच्या एकूण तत्त्वावर चर्चा होते. दूरदर्शनवर आपण जी भाषणे पाहतो ती बहुतेक या भागातली. भाषणे संपली, मंत्र्यांनी उत्तर दिले की खरे काम सुरू होते, ते खंडवार विचाराचे. अध्यक्ष एकेक खंड पुकारतात. त्या खंडाला ज्यांनी लेखी दुरुस्त्या दिल्या असतील ते त्या मांडतात. प्रत्येक दुरुस्तीवर मत घेतले जाते, आणि मग तो खंड 'विधेयकाचा भाग होतो'. दुरुस्तीची भाषाही ठरलेली असते: अमुक पानावरच्या अमुक ओळीतला अमुक शब्द काढून त्याजागी अमुक शब्द घालावा. ऐकायला रुक्ष वाटते, पण कायदा बदलतो तो इथे. भाषणांनी तो बदलत नाही.

या क्रमात एक गंमतीशीर वाटणारी पण अर्थपूर्ण रीत आहे. सुरुवात दुसऱ्या खंडापासून होते आणि पहिला खंड सर्वांत शेवटी येतो. पहिल्या खंडात कायद्याचे नाव, तो कुठे लागू होईल आणि कधीपासून, हे असते. आतला मजकूर ठरल्याशिवाय हे ठरवता येत नाही, म्हणून तो मागे ठेवतात. सगळे खंड झाले की तिसरे वाचन. त्यात शब्द बदलता येत नाहीत. संपूर्ण विधेयक हवे की नको, एवढेच सांगायचे. बहुतेक वेळा आवाजी मतदान होते. एखाद्या सदस्याने आग्रह धरला तर मतविभाजन होते आणि प्रत्येकाचे मत नोंदले जाते.

त्या रात्री लोकपाल विधेयक मंजूर झाले. त्याच सभागृहात, त्याच बैठकीत, घटनादुरुस्ती विधेयक मात्र पडले. दोन्हींसाठी लागणारे बहुमत वेगळे, म्हणून असे झाले. साधे विधेयक मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मते पुरतात. त्यामुळे समाजवादी पक्ष, बहुजन समाज पक्ष यांच्या सदस्यांनी सभात्याग केला तेव्हा सरकारला लागणारा आकडा खाली आला. घटनादुरुस्तीला दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात. मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश तर हवेतच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येपैकी निम्म्याहून अधिक हवेत. लोकसभेच्या बाबतीत हा आकडा २७० च्या पुढे जातो. इथे गैरहजर राहणाऱ्याचा परिणाम विरोधी मतासारखाच होतो. म्हणजे सभात्यागाने एक विधेयक तारले आणि तीच रिकामी बाके दुसऱ्याला महागात पडली. बातमीत 'सभात्याग' हा शब्द दिसला की कोणत्या प्रकारच्या विधेयकावर, हे आधी पाहावे.

राज्यसभेने काय केले

दोनच दिवसांनी, २९ डिसेंबरला, विधेयक राज्यसभेत आले. तिथे सरकारकडे बहुमत नव्हते. सदस्यांनी १८७ दुरुस्त्या दिल्या होत्या. दिवसभर चर्चा चालली, मध्यरात्र झाली, गोंधळात विधेयकाच्या प्रती फाडल्या गेल्या, आणि सभापती हमीद अन्सारी यांनी सभागृह बेमुदत तहकूब केले. मतदान झालेच नाही. अनेकांना त्या रात्री वाटले की लोकपाल पुन्हा गेला. पण विधेयक पडले नव्हते. ते राज्यसभेच्या ताब्यात होते, आणि पंधरावी लोकसभा असेपर्यंत जिवंत राहणार होते.

वादाचा मुख्य मुद्दा राज्यांच्या अधिकारांचा होता. विधेयकाच्या तिसऱ्या भागात राज्यांचे लोकायुक्त कसे असावेत हे केंद्रानेच तपशीलवार लिहून ठेवले होते. लोकसभेत सरकारने त्यात बदल करून, राज्याने संमती दिली तरच हा भाग तिथे लागू होईल, असे घातले. तरीही राज्यांच्या यंत्रणेची रचना दिल्लीने ठरवावी हे अनेक पक्षांना मान्य नव्हते. त्यात सरकारमधला मित्रपक्ष तृणमूल काँग्रेसही होता. राज्यसभा ही राज्यांची सभा. हा प्रश्न तिथे अडला, यात नवल नव्हते.

२१ मे २०१२ रोजी राज्यसभेने हे विधेयक प्रवर समितीकडे सोपवले. स्थायी समिती कायम असते. प्रवर समिती एका विधेयकापुरती नेमली जाते आणि अहवाल दिला की संपते. पंधरा सदस्यांच्या या समितीचे अध्यक्ष सत्यव्रत चतुर्वेदी होते. त्यांनी २३ नोव्हेंबर २०१२ रोजी अहवाल दिला. समितीने तिसऱ्या भागाचा तिढा ज्या पद्धतीने सोडवला ती पाहण्यासारखी आहे. खंडांचा तो अख्खा भाग काढून टाकला आणि त्याजागी एकच खंड सुचवला: ज्या राज्यात लोकायुक्त नसेल त्याने हा कायदा लागू झाल्यापासून वर्षभरात आपल्या विधिमंडळाचा कायदा करून लोकायुक्त नेमावा. लोकायुक्त असलाच पाहिजे, पण कसा ते राज्याने ठरवावे. आजच्या कायद्याचे ६३ वे आणि शेवटचे कलम ते हेच.

निवड समितीतही बदल झाला. लोकपाल निवडणाऱ्या पाच जणांत पंतप्रधान, लोकसभेचे अध्यक्ष, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती हे चौघे होते. पाचवे म्हणजे राष्ट्रपतींनी नेमायचे नामवंत विधिज्ञ. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, म्हणजे ही पाचवी जागा व्यवहारात सरकारकडेच गेली असती. पहिल्या चौघांच्या शिफारशीवरून हा विधिज्ञ नेमावा, असे समितीने घातले. एका वाक्याने समितीतला तोल बदलला.

त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ गेला. १७ डिसेंबर २०१३ रोजी राज्यसभेने दुरुस्त्यांसह विधेयक मंजूर केले. या दुरुस्त्यांत नावातले '२०११' काढून '२०१३' घालण्याचीही एक होती. कायद्याच्या नावातले साल तिथून आले.

तरीही कायदा झाला नव्हता. दोन्ही सभागृहांनी एकच मजकूर मंजूर करावा लागतो, आणि राज्यसभेचा मजकूर आता लोकसभेने २०११ मध्ये मंजूर केलेल्यापेक्षा वेगळा होता. म्हणून विधेयक लोकसभेकडे परतले. अशा वेळी लोकसभा पूर्ण विधेयकावर पुन्हा विचार करत नाही, फक्त दुसऱ्या सभागृहाने केलेल्या दुरुस्त्या मान्य आहेत का ते सांगते. १८ डिसेंबरला तिने त्या मान्य केल्या, आणि राळेगणसिद्धीत पुन्हा उपोषणाला बसलेल्या अण्णांनी ते सोडले.

लोकसभेने दुरुस्त्या नाकारल्या असत्या तर राष्ट्रपती दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावू शकले असते. असे आजवर तीनदाच झाले आहे: १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये 'पोटा'साठी. घटनादुरुस्तीला ही सोय नाही. धन विधेयकाला तिची गरजच पडत नाही, कारण त्यावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते आणि त्याही चौदा दिवसांत. म्हणूनच एखाद्या विधेयकाला धन विधेयक ठरवले जाते तेव्हा वाद होतो. हे ठरवण्याचा अधिकार लोकसभेच्या अध्यक्षांचा, आणि तो शिक्का बसला की राज्यसभेचा अडसर उरत नाही.

हे सगळे झाले त्याला पाच महिने होतात न होतात तोच पंधरावी लोकसभा विसर्जित झाली. डिसेंबर २०१३ हुकला असता तर हे विधेयकही १९६८ च्या विधेयकाच्या वाटेने गेले असते.

सही, राजपत्र आणि पुढची तारीख

दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक राष्ट्रपतींकडे जाते. घटनेच्या १११ व्या अनुच्छेदानुसार ते संमती देऊ शकतात, रोखू शकतात, किंवा धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. संसदेने ते बदलासह किंवा बदलाशिवाय पुन्हा मंजूर केले तर मात्र संमती द्यावीच लागते. लोकपाल विधेयकावर १ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. त्या वर्षातली ती पहिलीच, म्हणून अधिनियम क्रमांक १. सही करणारे राष्ट्रपती होते प्रणव मुखर्जी. २०११ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवणारेही तेच होते.

सही झाली की विधेयकाचा अधिनियम होतो आणि तो राजपत्रात छापला जातो. पण तो लागू कधी होतो, हे पहिल्या कलमात पाहावे लागते. पुष्कळ कायद्यांत तिथे 'केंद्र शासन अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास' असे लिहिलेले असते. म्हणजे संसदेने कायदा केला, पण चालू कधी करायचा ते सरकारवर सोडले. अशी अधिसूचना निघेपर्यंत राष्ट्रपतींनी सही केलेला कायदासुद्धा नुसता कागदावर असतो. लोकपाल कायद्याची अधिसूचना लवकर निघाली. १६ जानेवारी २०१४ पासून तो अंमलात आला.

एका ओळीची उणीव

कायदा लागू झाला, पण लोकपाल आला नाही. मे २०१४ च्या निवडणुकीत काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता द्यायला एक दशांश तरी सदस्य हवेत, या प्रथेवर बोट ठेवून अध्यक्षांनी ती मान्यता दिली नाही. निवड समितीत 'विरोधी पक्षनेते' हवे होते आणि सभागृहात तसे कुणीच नव्हते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात हीच अडचण आधीच ओळखून एक स्पष्टीकरण लिहिलेले आहे: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता तो मानावा. लोकपाल कायद्यात ही ओळ नव्हती. दोन समित्या, दोन सभागृहे आणि शेकडो दुरुस्त्या यांतून विधेयक गेले, तरी ही उणीव कायद्यात तशीच राहिली.

ती भरण्यासाठी सरकारने २०१४ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती विधेयक मांडले. ते समितीकडे गेले आणि पुढे मंजूर झालेच नाही. दुरुस्ती झाल्याशिवाय नेमणूक कशी करणार, अशी सरकारची भूमिका होती. २७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. निवड समितीत एखादी जागा रिकामी असली म्हणून नेमणूक अवैध ठरत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे, त्यामुळे आहे तो कायदा चालवता येतो, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतरही दोन वर्षे गेली. मार्च २०१९ मध्ये न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष पहिले लोकपाल झाले. तक्रार कोणत्या नमुन्यात करायची याचे नियम मार्च २०२० मध्ये निघाले. संसदेने मंजूर केल्यानंतर नागरिकाला ठरलेल्या नमुन्यात तक्रार देता यावी, यासाठी सहा वर्षांहून अधिक काळ लागला.

याच कायद्याचे एक कलम मात्र फार लवकर बदलले. लोकसेवकांनी आणि ठरावीक स्वयंसेवी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता जाहीर करावी, असे सांगणारे ४४ वे कलम होते. त्याची मुदत संपत आली तेव्हा २७ जुलै २०१६ रोजी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत दुरुस्ती मंजूर झाली. ती लागू धरली गेली मागील तारखेपासून, कायदा सुरू झाला त्या दिवसापासून. विधेयक समितीकडे गेले नाही. एक दुरुस्ती वर्षानुवर्षे पडून राहते आणि दुसरी दोन दिवसांत पार पडते, तेव्हा फरक कार्यपद्धतीचा नसतो. पायऱ्या दोन्हींना त्याच असतात. त्या चढायची घाई कुणाला आहे, यावर वेग ठरतो.

म्हणून यापुढे 'विधेयक मंजूर' अशी बातमी आली की चार गोष्टी विचाराव्यात. ते कोणत्या सभागृहात मंजूर झाले आणि दुसऱ्याने त्याच शब्दांत मंजूर केले का? ते समितीकडे गेले होते का, आणि समितीने काय बदलले? राष्ट्रपतींच्या सहीनंतर अंमलाची अधिसूचना निघाली का? नियम झाले का आणि नेमणुका झाल्या का? विधेयकाचा मजकूर, समितीचे अहवाल आणि राजपत्र या तिन्ही गोष्टी सर्वांना खुल्या असतात, त्या पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. समितीने सूचना मागवल्याची जाहिरात दिसली तर एका पानाचे का होईना, लेखी म्हणणे पाठवावे. मतदान झाल्यानंतर आपण त्या कायद्यावर फक्त टीका करू शकतो. समितीत असेपर्यंत त्यातला एखादा शब्द बदलायला हातभार लावू शकतो.